पंचकातली वसंतपंचमी

रावजीभाईंनी गोरांच्या, म्हणजे कुळाच्या भटजींच्या, ओट्यावर चपला काढल्या त्या खांबाच्या मागे, सावलीत. जसुबेनच्या नजरेतून ते सुटलं नाही. वर्षाकाठी एकदा येणारा माणूस पायरीपाशीच चपला सोडतो. दुपारची सावली कुठे पडते हे ठाऊक असतं ते नेहमीच्याला. आणि काल तर स्वारी आणंदला गेली होती म्हणे, पाण्याच्या पंपाचा पट्टा आणायला. पट्टा काही घरी आला नाही. सकाळी देवळात गोराणी मात्र सहज बोलून गेली होती, काल तुमचे मोठाभाई येऊन गेले, चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं ही या माणसाची जुनी खोड, असं जसुबेनने मनात म्हटलं आणि पदर कपाळावर ओढून ती आत गेली.

थोरल्या दिरासमोर पदर ओढायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही चरोतरातल्या पाटीदारांची जुनी रीत. नव्या सुनांनी ती केव्हाच खुंटीला टांगली. जसुबेनने मात्र लग्न होऊन आल्यापासून पाळली होती. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायचं, डाहीभाभींना, आणि ते मोठाभाईंच्या कानावर जायचं, मग मोठाभाई जणू भिंतीला उत्तर द्यायचे. अरविंद होता तोवर मधे नवरा असायचा. तो गेल्यापासून चार वर्षं दोघांमध्ये फक्त डाहीभाभी होत्या, आणि डाहीभाभींच्या तोंडून जाताना बोलण्याला थोडं तिखटमीठ लागायचंच.

आज तिघं मिळून आली होती ती उर्वीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला. दसरा होऊन गेला होता, नव्या सालाचं पंचांग गोरांच्या घरी आलं होतं. सोजित्र्याच्या निकुंजशी गोळधाणे खाऊन बोलणं पक्कं झालेलं. मुलीच्या घरून लगन, म्हणजे मुहूर्ताचं पत्र, लिहून पाठवायचं, मुलाकडच्यांनी ते अक्षता वाहून वधारून घ्यायचं, अशी रीत. त्यामुळे तिथी काढायची जबाबदारी यांच्यावर. सोजित्र्याहून एकच सांगितलं होतं, होळीच्या आत करा.

तिथी कुठलीही निघो, जसुबेनला एकच गोष्ट हवी होती. उर्वीचं कन्यादान तिच्या भावाने करावं. बाप नाही. विधवेला मांडवात त्या पाटावर बसता येत नाही. मग एक तर काका-काकी बसणार, नाहीतर टोरांटोहून केयूर आणि त्याची बायको पिंकल येऊन बसणार. रावजीभाई आणि डाहीभाभींना मूलबाळ नव्हतं. कन्यादानाचं पुण्य एकदा तरी पदरी पडावं असं डाहीभाभींना वाटे, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. गेल्याच आठवड्यात सुरतेहून त्यांनी लाल काठाचं रेशमी लुगडं मागवलं होतं आणि 'कुठल्याही प्रसंगाला होईल' म्हणत जसुबेनला दाखवलं होतं. कुठल्या प्रसंगाला ते न कळायला जसुबेन काल जन्मलेली नव्हती.

घर माझ्या अरविंदचं, लेक त्याची, तर दान त्याच्या मुलाच्या हातून व्हावं. एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि केयूरला येता येणार नाही अशीच तिथी निघावी म्हणून कुणीतरी खटपट करतंय, असं तिला महिनाभर वाटत होतं.

भानुशंकर गोर हिंचक्यावर बसले होते. पायाने हलकेच झोका चालू, मांडीवर पंचांग, नाकावर चष्मा. त्यांच्या वडिलांनी जसुबेनचं लग्न लावलं होतं, त्यांनी स्वतः केयूरचं. यजमान कुळातलं सगळं बरंवाईट या घराला माहीत. गोराणीने चहा आणि मठिया आणून ठेवले. रावजीभाईंनी आजही चहाला हात लावला नाही.

"नाव उर्वी, रास वृषभ," गोर म्हणाले. "मुलगा निकुंज, वृश्चिक. मुलीला गुरूचं बळ बघायचं, मुलाला सूर्याचं आणि दोघांना चंद्राचं. गुरू यंदा मिथुनेला आहे, म्हणजे उर्वीला दुसरा. उत्तम. तिकडची काळजीच नाही. अडचण आहे ती सूर्याची."

मग त्यांनी बोटांच्या पेरांवर राशी मोजत समजावून सांगितलं. सूर्य चौथा, आठवा, बारावा असला की मुलाचं लग्न नाही. मार्गशीर्षात सूर्य वृश्चिकेला, म्हणजे निकुंजच्या राशीलाच; तिथे लाल पूजा करून चालवून घेता येतं. डिसेंबरच्या मध्याला सूर्य धनूत शिरला की कमुरतां बसणार, उत्तरायणापर्यंत कुणाचंच लग्न नाही. मकरेचा सूर्य निकुंजला तिसरा, पूजेचीसुद्धा गरज नाही. आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर कुंभेचा सूर्य चौथा, म्हणजे संपलंच. होळीच्या आत पाहिजे तर एक मार्गशीर्ष, नाहीतर संक्रांतीनंतरचा तेवढा मकरेचा महिना.

"मार्गशीर्षच बरं," रावजीभाई छताकडे बघत म्हणाले. "थंडी कमी असते. स्वयंपाक्यांची ओढाताण नसते."

जसुबेन डाहीभाभींकडे वळली. "भाभी, मोठाभाईंना सांगा, केयूरची नागरिकत्वाची परीक्षा डिसेंबरात आहे. ती होईतो त्याला निघता येत नाही. हे त्यानं मलाही सांगितलंय आणि त्यांनाही."

डाहीभाभींनी नवऱ्याकडे पाहिलं. सांगायची गरज नव्हती, तीन हातांवर तर तो बसला होता. तरी त्यांनी सांगितलं, आणि वर स्वतःचं जोडलं, की परीक्षा काय दरवर्षीच असतात, मुलीचं लग्न एकदाच असतं.

गोरांनी मार्गशीर्षातल्या दोन तिथी वाचून दाखवल्या. शुद्ध नवमी आणि शुद्ध द्वादशी. चंद्र कुठे, नक्षत्र कुठलं, हस्तमेळापाची, म्हणजे वधूवरांचे हात जुळवायची, वेळ गोधुळीची की रात्रीची, सगळं नीट सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज मोकळा होता. जसुबेनने आपल्या बाजूची माणसं सांगितली. तिचा भाऊ कनुभाई लेस्टरला. मामेरं, मामाकडचा आहेर, घेऊन तो येणार, त्याशिवाय मांडवात शोभा नाही, आणि त्याला दुकान सोडून फेब्रुवारीतच येता येणार, कारण तेव्हा मुलांच्या शाळेला सुट्टी. निकुंजची मावशी नैरोबीहून येणार, ती उत्तरायणाला येऊन महिनाभर राहणार, तसं विहीणबाईंनी फोनवर सांगितलेलं. केयूर-पिंकल जानेवारीनंतर केव्हाही. म्हणजे दूरदेशीच्या सगळ्यांना मकरेचाच महिना सोयीचा. मार्गशीर्षात लग्न केलं तर मांडवात आपण तिघं आणि स्वयंपाकी.

"मकरेच्या महिन्यात मुहूर्त थोडे," गोर म्हणाले. आता आवाज थोडा आत गेला. "वद्य पक्षात दोनच निघतात, आणि माघ शुद्धात तीन. आणि लग्नाला समाजाची वाडी? ती मिळायला नको का? दोन हजार माणूस काय गल्लीत बसवणार?"

वाडीचं जसुबेनला पाठ होतं. वाडी दिवसाला एकालाच देतात, कारण आदल्या संध्याकाळपासून मांडव, मग जान, मुलाकडचं वऱ्हाड, उतरवायच्या खोल्या, मग स्वयंपाकघर, हे दुसऱ्याबरोबर वाटून होत नाही. गावातल्या मुलीला पहिला हक्क, पण ज्याने तिथी आधी सांगितली त्याची. गोरांनी वद्य पक्षातल्या दोन तिथी म्हणून दाखवल्या. दोन्ही दिवस वाडी गेलेली होती. माघ शुद्ध दशमी म्हटली, गेलेली. त्रयोदशी म्हटली, ती रिकामी होती, पण तोवर सूर्य कुंभेला जात होता. गोरांनीच ते पाहिलं आणि स्वतःच खोडलं.

"बघा," डाहीभाभी म्हणाल्या. "देवाच्याच मनात मार्गशीर्ष आहे."

देवाच्या मनात की तुमच्या, हे जसुबेन बोलली नाही. तिने चहाचा एक घोट घेतला. गोरांनी माघ शुद्धात तीन मुहूर्त म्हटले होते आणि सांगितले दोनच. राहिलेला कुठला हे ओळखायला ज्योतिषी व्हायला नको. चौथीच्या पोराला विचारलं तरी सांगेल.

"गोरबापा, वसंतपंचमी राहिली," ती म्हणाली.

हिंचका थांबला.

"वसंतपंचमी म्हणजे वणजोयुं मुहूर्त," जसुबेन पुढे म्हणाली. "पंचांग न उघडता धरायचा दिवस. तुम्ही तो उघडून पाहिलात आणि तरी मला सांगितला नाहीत."

"वाडी कुठली असायला त्या दिवशी," रावजीभाई भिंतीला म्हणाले. "वर्षभर आधी गेलेली असते."

"भाभी, त्यांना सांगा, वाडी आहे. छोटूभाईंच्या घरची होती. त्यांचे बापूजी गेले श्राद्धपक्षात, वर्षाचा शोक धरलाय, लग्न पुढे ढकललंय. वाडीच्या कारभाऱ्याला मी सकाळी भेटून आले. दिवेलागणीपर्यंत तो कुणाला देत नाही म्हणालाय. त्यानंतर रांगेत दुसरे आहेत."

रावजीभाईंनी पहिल्यांदाच तिच्या दिशेला मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीसारखं काहीतरी होतं, आणि ते पाहून जसुबेनचा संशय पक्का झाला. चोरी पकडली गेल्यावर माणूस असाच बघतो.

गोरांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. पुन्हा घातला. पंचांगात बोट फिरवलं. निकुंजला सूर्य तिसरा, उर्वीला गुरू दुसरा, चंद्र मीनेला, म्हणजे तिला अकरावा, त्याला पाचवा. हे सगळं ते स्वतःशीच पुटपुटले आणि जसुबेनने ऐकलं. याच्यापेक्षा चांगला दिवस शोधून मिळाला नसता.

"पंचक आहे," गोर शेवटी म्हणाले. "चंद्र मीनेला, नक्षत्र रेवती. पंचकात मी नाही सुचवणार, जसुबेन. मन घेत नाही."

खोलीत गोराणी उभी होती, ती चटकन आत निघून गेली. आपला नवरा खोटं बोलतोय हे बायकांना पाठमोऱ्याही कळतं.

पंचक. जसुबेनला हसू यायचं ते आलं नाही, डोक्यात तिडीक गेली. पंचकात माणूस गेला तर त्याच्याबरोबर दर्भाचे पुतळे जाळतात. पंचकात लाकूड आणत नाहीत, खाट विणत नाहीत, दक्षिणेला जात नाहीत. लग्नाला पंचकाचं काय? रेवती तर लग्नाचंच नक्षत्र.

"माझं लग्न रेवतीवर झालंय," ती म्हणाली. "तुमच्या बापूजींनी लावलं. हिंचका हाच होता. तेव्हा पंचक नव्हतं?"

गोर गप्प. आणि त्या गप्प बसण्यात जसुबेनला दुसरंच काही ऐकू आलं, की रेवतीवर झालं आणि बघ, अरविंद पन्नाशीही न गाठता गेला. गोरांच्या मनात तसं काही नव्हतंही कदाचित. पण तिला ते ऐकू आलं, आणि मग तिचा तोल राहिला नाही.

तिने कपाळावरचा पदर मागे सारला आणि रावजीभाईंकडे सरळ पाहिलं.

"मोठाभाई, काल तुम्ही आणंदला गेला नव्हतात. इथे आला होतात. गोरबापांना काय पढवून गेलात ते माझ्या तोंडावर सांगा."

डाहीभाभींच्या हातातली मठियाची बशी कलली. इतक्या वर्षांत धाकटी जाऊ आपल्या नवऱ्याशी बोलल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. रावजीभाईंनी खाली मान घातली. आता भिंतीकडे बघायचीही सोय राहिली नव्हती.

"बोला ना. माझा मुलगा येऊ नये म्हणून मार्गशीर्ष. माझा भाऊ येऊ नये म्हणून मार्गशीर्ष. लुगडं तर येऊन पडलंय. पुण्य पाहिजे होतं तर मागायचं होतंत, मोठाभाई. मी नाही म्हटलं असतं, पण तुम्ही मागितलं असतंत तर मान राहिला असता तुमचा. हे असं मुलीचा मुहूर्त चोरून पुण्य मिळत नाही."

"जसु," डाहीभाभी म्हणाल्या, "जिभेला हाड आहे का काही?" आणि मग नवऱ्याकडे वळून अगदी वेगळ्या आवाजात, "काल तुम्ही इथे आला होतात?"

म्हणजे यांनाही ठाऊक नव्हतं. जसुबेन जराशी गोंधळली. दोघं मिळून करत असतील असं तिने गृहीत धरलं होतं. आता डाहीभाभी तिच्या बाजूला सरकून बसल्या होत्या, आणि दोन्ही बायका मिळून एकाच माणसाकडे बघत होत्या.

"आलो होतो," रावजीभाई म्हणाले. "मार्गशीर्षच द्या म्हणून सांगायला आलो होतो. जसु म्हणते ते खरं आहे. मला बसायचं होतं पाटावर. झालं? आता मार्गशीर्ष धरा आणि विषय संपवा."

एवढ्या सहज कबूल झाले. जसुबेनला त्याचंच आश्चर्य वाटलं. शेताच्या बांधावरून तीन वर्षं भांडणारा हा माणूस, आपली चूक वीतभरही मान्य न करणारा. त्याने असं उचलून सगळं अंगावर घेतलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"नाही धरत," ती म्हणाली. "गोरबापा, वसंतपंचमीचं लगन लिहा. केयूर आणि पिंकल बसतील. पंचकाचा दोष माझ्या माथी."

गोरांनी पंचांग मिटलं. रावजीभाईंकडे पाहिलं. रावजीभाईंनी मान हलवली, नाही म्हणून, अगदी थोडीशी. गोरांनी तरी तोंड उघडलं.

"जसुबेन, पंचकाचं मी खोटं बोललो. पंचांगाच्या पानावर माणूस थोडं इकडंतिकडं बोलतो, त्याला प्रायश्चित्त आहे. पण कन्यादानाचा संकल्प अग्नीसमोर असतो. तिथे दात्याचं नाव घेऊन मला म्हणावं लागतं, 'सपत्नीक'. ते मी खोटं कसं म्हणू?"

"गोर," रावजीभाई म्हणाले. पण उशीर झाला होता.

सपत्नीक. जसुबेनला तो शब्द कळला आणि कळला नाही. लग्नात, सत्यनारायणाला, वास्तुशांतीला शंभर वेळा ऐकलेला शब्द. पत्नीसह. केयूरच्या नावापुढे तो लावला तर खोटा होतो. कधी होतो खोटा? पत्नी नसली म्हणजे.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. फोनवर केयूरचा चेहरा दिसायचा तेव्हा पिंकल कधी कामावर असायची, कधी झोपलेली, कधी मैत्रिणीकडे. राखीपौर्णिमेला तिने स्वतः फोन केला नव्हता. दिवाळीला पार्सल पाठवू का तिच्यासाठी, असं विचारलं तर केयूर म्हणाला होता, नको मम्मी, इथे सगळं मिळतं. जसुबेनला वाटलं होतं, सून गर्वाची झाली. सहा महिने ती मनातल्या मनात सुनेला नावं ठेवत होती आणि सून घरात नव्हतीच.

"केव्हापासून?" तिने विचारलं. कुणाला विचारलं ते तिलाही कळलं नाही.

"चैत्रात गेली ती," रावजीभाई म्हणाले. "अटलांटाला, आईबापाकडे. मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. नाही जमलं म्हणतो. फारकतीचे कागद झालेत. श्रावणात त्याने मला फोन केला. रडत होता. म्हणाला, काका, मम्मी मला पाटावर बसवणार, आणि मी एकटा आलो तर सगळी जान विचारेल बायको कुठे. उर्वीच्या सासरी पहिल्या दिवसापासून बोलणी ऐकावी लागतील. तुम्ही अशी तिथी काढा की मला येता येणार नाही. लग्न झालं की मम्मीला मी सांगेन." ते थांबले. "परीक्षाबिरीक्षा काही नाही. ती मीच शिकवली."

डाहीभाभींनी पदराचा बोळा तोंडाला लावला. काही महिने नवऱ्याने हे पोटात ठेवलं आणि आपल्याला कळू दिलं नाही, याचा त्यांना राग आला असावा. पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि डाहीभाभींचं न बोलणं हीच मोठी गोष्ट होती.

"मला का नाही सांगितलंत?" जसुबेन म्हणाली.

"तो तुझा मुलगा आहे, म्हणून. सांगायचं त्यानं." रावजीभाईंनी पहिल्यांदा तिच्याशी बोलताना तिच्याकडे पाहिलं. "तू मला वाईट समजत होतीस ते मला चाललं. चार वर्षं समजतेसच. त्यात आणखी एक."

जसुबेनला लाज वाटली. अशी वाटली की पदर पुन्हा ओढून घ्यावा, पण आता ओढून उपयोग नव्हता, आणि तोंड लपवायला तिला तो ओढायचाही नव्हता. मुलाचा राग आला. भीती कुणाची, तर आईची. हजारो मैलांवर एकटा भात शिजवून खातोय आणि आईला सांगतोय पिंकल झोपली आहे. रागाच्या आतून रडू येत होतं आणि ते ती येऊ देत नव्हती, कारण बाहेर उन्हं कलली होती आणि वाडीचा कारभारी दिवेलागणीनंतर थांबणार नव्हता.

"गोरबापा," ती म्हणाली, "काका-काकी बसले तर तुम्हाला सपत्नीक म्हणता येईल?"

"येईल. बापानंतर काकाचाच अधिकार आहे. शास्त्र तसंच सांगतं."

"मग वसंतपंचमीचं लगन लिहा."

"नाही," रावजीभाई म्हणाले. "आता नाही बसायचा मी. आत्ता तू जे बोललीस ते गोराणीनेसुद्धा ऐकलंय. उद्या गाव म्हणेल, रावजीने मुहूर्त चोरून पुण्य घेतलं."

जसुबेन उठली आणि हिंचक्यासमोरच्या सतरंजीवर, गोरांच्या आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या गोराणीच्या देखत, थोरल्या दिरासमोर पदर पसरून बसली. "मी मागते आहे," ती म्हणाली. "तुम्ही चोरलं असं मी म्हटलं. आता मी माझ्या हाताने देते आहे. उर्वीला बाप नाही. तुम्ही बसा. आणि भाभींना ते लाल काठाचं लुगडं नेसू द्या."

डाहीभाभींनी कोपराने त्यांना ढोसलं, चांगलं जोरात.

"बसतो," ते म्हणाले.

गोरांनी कुंकवात बोट बुडवून कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात साथिया, स्वस्तिक, काढला. हस्तमेळाप गोधुळीला, गृहशांती आणि मंडप आदल्या दिवशी सकाळी, गणेशस्थापना तीन दिवस आधी. ते एकेक बोलत होते आणि लिहीत होते. हिंचका पुन्हा हलायला लागला होता. रावजीभाई वाडीच्या कारभाऱ्याकडे जायला उठले. खांबामागून चपला घेताना त्यांनी मागे वळून विचारलं, केयूरला काय सांगायचं? मग स्वतःच म्हणाले, ते तू बघ.

जसुबेन ओट्यावर आली. टोरांटोला आता सकाळ असणार, तो कामावर निघाला असणार. दुसऱ्याच घंटीला त्याने उचलला. मागे बसचा आवाज येत होता, कुणीतरी परकं बोलत होतं.

"मम्मी? काय झालं? ठरलं का?"

"वसंतपंचमी ठरली."

तो अपेक्षेप्रमाणे सुरू झाला, की मम्मी त्या आठवड्यात ऑफिसात, मी विचारून बघतो, पण मला नाही वाटत. जसुबेनने त्याला बोलू दिलं. खोटं बोलताना त्याचा आवाज लहानपणीसारखाच बारीक होत होता. कसा कळला नाही आपल्याला इतके दिवस?

"कन्यादानाला काका-काकी बसणार आहेत," ती म्हणाली. "पक्कं झालं. तुला बसायचं नाही."

पलीकडे बस थांबली, दार उघडल्याचा आवाज आला, पुन्हा सुरू झाली.

"मग... मग मी नाही आलो तरी चालेल ना?"

"फेरे घेताना उर्वीच्या ओंजळीत होमात वाहायचे जवतल, जव नि तीळ, कोण घालणार? दर फेऱ्याला भाऊ घालतो. त्याला बायको लागत नाही, केयूर. नुसता भाऊ लागतो."

पलीकडून आधी बसचा आवाज आला, आणि मग त्याच्या नाक ओढण्याचा. जसुबेनने डोळे पुसले नाहीत, ओट्यावर बघायला कुणी नव्हतं.

"काकांनी सांगितलं?"

"गोरबापांच्या तोंडून निघालं. काकांनी शेवटपर्यंत स्वतःवर घेतलं."

"मम्मी, तू रागावलीस?"

"हो," जसुबेन म्हणाली. "खूप. फोनवर नाही रागावता येत मला. तिकीट काढ, आलास की समोर बसवून रागावते."